शाळेच्या फीचे हप्ते कार्डाने भरतो, पावत्या आणि स्टेटमेंट जुळवायचं कसं?

मेघना_त
दोन मुलं एकाच शाळेत आहेत आणि फीचे हप्ते क्रेडिट कार्डाने भरतो. पहिल्या हप्त्याला सगळं जुळलं. दुसऱ्या वेळी शाळेकडून दोन पावत्या आल्या, थोरलीची २४,००० आणि धाकट्याची २१,५००. स्टेटमेंटवर मात्र एकच नोंद आहे, ४६,०३६.९०. तीसुद्धा शाळेच्या नावाने नाही, कुठल्यातरी पेमेंट कंपनीच्या नावाने. पुढे काही दिवसांनी ४६०.३७ आणि ८२.८७ अशा आणखी दोन नोंदी दिसतात, त्यांची पावती कुठेच नाही. हिशेब कसा ठेवावा? ॲप नको, पैसे घालवायचे नाहीत, आणि स्टेटमेंट आल्यावर दहा मिनिटांत उरकेल असं काहीतरी सुचवा.

निखिल७७
मी खर्चाचं एक ॲप वापरतो. वार्षिक वर्गणी आहे, पण डोळे झाकून घ्या. बँकेचे मेसेज वाचून प्रत्येक खर्च आपोआप आपापल्या खात्यात टाकतं. मी तर सगळी फी कार्डानेच भरतो, पॉइंट्सवर गेल्या सुट्टीत विमानाची तिकिटं काढली.

वसुधाकाकू
मेघना, हे जास्तीचे पैसे द्यायचेच कशाला? आम्ही मुलांची सगळी फी चेकने भरली, कधी एक पैसा जास्त गेला नाही. शाळेत जाऊन सांग, चेक घ्या म्हणून. हल्ली भरायला सोपं म्हणून लोक कार्ड पुढे करतात आणि मग हिशेबात अडकतात.

मेघना_त
काकू, आमची शाळा चेक घेत नाही. आणि प्रश्न चार्ज टाळायचा नाहीये, जुळवायचा आहे.
निखिल, ॲप नको असं वरच लिहिलंय.

सागर_प
सोपं आहे. कन्व्हिनियन्स चार्ज १ टक्का आणि त्यावर १८ टक्के कर धरा. दोन्ही फीची बेरीज ४५,५००, चार्ज ४५५, कर ८१.९०. एकूण बरोबर ४६,०३६.९०. म्हणजे मोठी नोंद जुळली. पुढच्या वेळी पावतीची तारीख बघायची आणि स्टेटमेंटमध्ये त्याच तारखेला ही बेरीज शोधायची, संपलं. खालच्या दोन नोंदी बहुतेक शाळेनेच चार्ज दुसऱ्यांदा लावल्याच्या आहेत. भांडा.

फीखिडकी
शाळा-कॉलेजांच्या फी वसुलीचे हिशेब जुळवणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सागररावांची बेरीज बरोबर आहे, पण तारखेवर विसंबू नका. पैसे भरल्याची तारीख आणि स्टेटमेंटवर नोंद चढल्याची तारीख यांत एक-दोन दिवसांचा फरक पडतो, सुट्टी आली की जास्त. शाळेच्या पावतीवर तिसरीच तारीख असू शकते, कारण काही शाळा रक्कम त्यांच्या खात्यात आल्यावरच पावती काढतात.

शाळेशी भांडायच्या आधी ४६०.३७ हा आकडा नीट बघा. शाळेच्या पानावरचा चार्ज फीवर लागतो. ४५,५०० चा १ टक्का ४५५ होतो, ४६०.३७ नाही. ४६०.३७ हा ४६,०३६.९० चा १ टक्का आहे, म्हणजे फी, चार्ज आणि कर मिळून जी रक्कम कार्डावर पडली तिच्यावर लावलेला. अख्खी रक्कम शाळेला नाही, कार्ड देणाऱ्या बँकेला दिसते. ८२.८७ हा त्यावरचा १८ टक्के कर. तेव्हा हा चार्ज बँकेचा आहे आणि त्याची शाळेची पावती कधीच येणार नाही. स्टेटमेंटवरची नोंद हाच त्याचा पुरावा.

मेघनाताई, पहिला हप्ता शाळेच्या साइटवरून आणि दुसरा एखाद्या पेमेंट ॲपमधून भरला होता का?

मेघना_त
हो! दुसरा ॲपमधून भरला, दोघांची फी एकदम दिसत होती म्हणून.

फीखिडकी
मग तेच कारण. काही बँका तिसऱ्याच ॲपमधून भरलेल्या शिक्षण फीवर वेगळा चार्ज लावतात, शाळेच्या स्वतःच्या साइटवर भरली तर लावत नाहीत. तुमच्या कार्डाच्या शुल्कपत्रकात ‘शिक्षण’ असा शब्द शोधा, तिथे लिहिलेलं असेल.

निखिल७७
पण पॉइंट्स मिळाले तर हा चार्ज भरून निघतोच की.

सागर_प
बऱ्याच कार्डांवर फीला पॉइंट्स नसतात निखिल. तपासून बघ.

निखिल७७
माझ्यावर मिळतात.

आनंद_क
आमच्याकडे वेगळीच गत झाली. कार्डातून पैसे गेले आणि शाळा म्हणते आलेच नाहीत. माझ्याकडे फक्त ‘यशस्वी’ असं हिरवं चिन्ह असलेला स्क्रीनशॉट होता, त्यावर नंबर अर्धा कापलेला. शाळेच्या ऑफिसात तीन-तीनदा जाऊन बसलो. शेवटी दुसऱ्यांदा भरली, मग पहिली रक्कम परत आली, पण चार्ज काही परत आला नाही. प्रत्येक मुलाची फी वेगळीच भरा, एवढंच सांगतो.

फीखिडकी
आनंददादा, तुमचं ज्यामुळे अडलं तेच सांगायचं राहिलं होतं. शाळेच्या खात्यात तुमची रक्कम एकटी येत नाही. पेमेंट कंपनी सगळ्या पालकांची मिळून एकगठ्ठा जमा करते आणि सोबत यादी पाठवते. ऑफिसातला माणूस त्या यादीत तुमचं नाव शोधत बसत नाही, पेमेंट आयडी शोधतो. तो आयडी पैसे भरल्यावर लगेच येणाऱ्या मेलमध्ये असतो. स्क्रीनशॉटपेक्षा तो मेल पीडीएफ करून ठेवा.

म्हणजे प्रत्येक हप्त्याचे कागद दोन. पेमेंट कंपनीचा मेल, ज्यात आयडी आणि चार्जसकट पूर्ण रक्कम असते, तो स्टेटमेंटशी जुळवायचा. आणि शाळेची पावती, ज्यात फक्त फी असते, ती त्या मेलमधल्या फीच्या आकड्याशी जुळवायची. पावती थेट स्टेटमेंटशी जुळवायला गेलात की आकडे कधीच लागणार नाहीत. आणि तरीही शाळा पैसे आले नाहीत म्हणाली, तर बँकेकडून त्या व्यवहाराचा एआरएन मागा. तो २३ आकडी असतो आणि त्यावरून पेमेंट कंपनीला रक्कम कुठे अडकली ते शोधता येतं.

वेगळी फी भरण्याबद्दल आनंददादांशी सहमत. थोरलीची वेगळी भरली असती तर २४,२८३.२०, धाकट्याची २१,७५३.७०. बेरीज तीच, पण दोन पावत्यांना दोन नोंदी.

सागर_प
मीही तेच म्हणणार होतो. वेगळी भरा आणि एक्सेलमध्ये लिहा.

वसुधाकाकू
वेगळी वेगळी भरा, बरोबर आहे. आमच्या वेळी दोन चेक असायचे ते याचसाठी.

मेघना_त
सगळ्यांचे आभार, विशेषतः फीखिडकीताईंचे. शुल्कपत्रक काढलं, ‘शिक्षण’ खाली १ टक्का लिहिलेलाच आहे. पुढचा हप्ता शाळेच्याच साइटवरून. पण दोघांची फी एकदमच भरणार आहे. आमच्या कार्डाचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो आणि तो कामावर असतो, त्याला एकदाच फोन करायचा आहे. एक्सेलही करणार नाही. मेल छापून घेईन, त्याच्या मागे दोन्ही पावत्यांचे नंबर पेनने लिहीन आणि तिन्ही कागद एकत्र टाचून ठेवीन. स्टेटमेंट आलं की त्या नोंदीवर खूण.

सागर_प
कागद हरवतात हो.

रोहिणी_जी
उशिरा आले. आमच्या शाळेच्या साइटवर पैसे भरले की मेल येतच नाही, फक्त पान दिसतं आणि बंद होतं. पावतीवरही आयडी छापत नाहीत. मग नंबर कुठून काढायचा?

फीखिडकी
पालकांच्या लॉगिनमध्ये ‘पेमेंट हिस्टरी’ असं काही आहे का बघा, बहुतेक ठिकाणी तिथे आयडी असतो. नसेल तर ऑफिसात मागावा लागेल.

रोहिणी_जी
बघितलं. फक्त ‘भरले’ एवढंच लिहिलंय.