मदत हवी आहे: असाइनमेंटच्या सूचनेचे दोन अर्थ निघत आहेत; टाळाटाळ न वाटता मॅडमना कसे विचारावे?

रिकामा_रकाना (सोमवार)

नमस्कार. संख्याशास्त्राची एक असाइनमेंट शुक्रवारी रात्री 11:59 पर्यंत जमा करायची आहे. सोबत 240 जणांच्या सर्वेक्षणाची फाइल दिली आहे. त्यात दोन गट आहेत आणि प्रत्येकाने आपले समाधान 1 ते 10 या मोजपट्टीवर नोंदवले आहे. वय, उत्पन्न आणि समाधान या तिन्ही रकान्यांत अधूनमधून जागा रिकाम्या आहेत. प्रश्न 2 असा आहे: "गहाळ नोंदी वगळून दोन्ही गटांच्या समाधानाची तुलना करा."

एकही जागा रिकामी असलेली प्रत्येक ओळ काढली, तर 171 ओळी उरतात. केवळ समाधानाचा रकाना रिकामा असलेल्या ओळी काढल्या, तर 214 उरतात. पहिल्या रीतीने गटांच्या सरासरीतला फरक 0.6 येतो आणि तो चाचणीत टिकतो. दुसऱ्या रीतीने 0.3 येतो आणि टिकत नाही. त्यातच गुणांच्या विभागणीत "गहाळ नोंदी हाताळण्याच्या पद्धतीचे समर्थन: 10 गुण" असे लिहिले आहे. वगळायचे हे मॅडमनीच ठरवून दिले असेल, तर समर्थन मी कशाचे करायचे?

मागच्या असाइनमेंटच्या वेळी एका मित्राने शंका विचारली, तेव्हा "सूचना वाचल्यात का?" असे त्याला सर्वांसमोर ऐकावे लागले होते. मी पुढील मजकूर तयार केला आहे, पण पाठवायला हात धजत नाही:

"मॅडम, प्रश्न 2 मध्ये नक्की काय अपेक्षित आहे ते समजले नाही. कृपया मार्गदर्शन करावे."

तळटीप

माझ्या मते विचारूच नका. जो अर्थ योग्य वाटतो तो घ्या आणि अहवालाच्या सुरुवातीला "येथे अमुक गृहीत धरले आहे" असे स्पष्ट लिहा. गृहीतक लिहिलेले असले की सहसा कोणी गुण कापत नाही, आणि मॅडमचा वेळही वाचतो.

उशिराची_गाडी

मलाही असाच अनुभव आला होता. आजारपणामुळे मी दोन दिवसांची मुदतवाढ मागितली आणि सरांनी ती दिली, पण पुढे पूर्ण सत्रभर ते माझ्याकडे संशयानेच पाहत होते. म्हणून सांगतो, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्याशिवाय मुदतवाढ मागू नका.

रिकामा_रकाना

@उशिराची_गाडी, धन्यवाद, पण मला मुदतवाढ नको आहे. दोन्ही रीतींची आकडेमोड झालेली आहे. फक्त कोणती अपेक्षित आहे ते कळत नाही.

खडूची_धूळ

मी बरीच वर्षे शिकवतो आणि असे मेल दर सत्रात वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मेलमध्ये अडचण नम्रतेची नाही. "समजले नाही" एवढेच वाचल्यावर तुम्ही फाइल उघडली आहे की नाही, हेसुद्धा मला कळत नाही, आणि उत्तर द्यायचे तर प्रश्न 2 मलाच सोडवून दाखवावा लागेल. याउलट, तुम्ही इथे लिहिलेले 171 आणि 214 हे आकडे मेलमध्ये असते, तर काम टाळल्याची शंका कोणाच्या मनातही आली नसती, कारण ते आकडे काम केल्याशिवाय मिळतच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या एका शंकेत दोन शंका मिसळल्या आहेत. 171 की 214, हा निर्णय बहुधा तुमच्यावरच सोपवलेला आहे आणि ते 10 गुण त्याचेच असावेत. तो मॅडमना विचारलात, तर मात्र खरोखरच उत्तर काढून मागितल्यासारखे होईल. दुसरी शंका अशी की "वगळून" हा शब्द बंधनकारक आहे, की रिकाम्या जागी अंदाजाने किंमत भरण्याची पद्धतही चालेल? सूचना आणि गुणांची विभागणी इथे एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ती गाठ फक्त मॅडमच सोडवू शकतात. विचारायचे ते एवढेच.

तळटीप यांचा सल्ला पहिल्या शंकेपुरता बरोबर आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र गृहीतक चुकले, तर संपूर्ण प्रश्न मर्यादेबाहेर जाईल आणि सुरुवातीच्या त्या एका वाक्याने तो वाचणार नाही.

जाता जाता एक पाहा: दोन रीतींमध्ये ज्या 43 ओळींचा फरक पडतो, त्या दोन्ही गटांत सारख्या विखुरल्या आहेत का?

रिकामा_रकाना

मोजून पाहिले. 43 पैकी 31 एकाच गटातल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी उत्पन्न लिहिलेले नाही.

खडूची_धूळ

तर मग समर्थनाचा अर्धा परिच्छेद तुम्हाला मिळालाच. तो मेलमध्ये लिहू नका, अहवालात लिहा.

रिकामा_रकाना

नवा मजकूर असा केला आहे. विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचे नाव, असाइनमेंटचा क्रमांक आणि "प्रश्न 2: एक शंका" एवढेच लिहिले आहे.

"आदरणीय मॅडम, प्रश्न 2 साठी मी गहाळ नोंदी दोन रीतींनी वगळून पाहिल्या, एका रीतीने 171 आणि दुसरीने 214 ओळी उरतात. त्यांतील निवड मी अहवालात कारणांसह मांडणार आहे. एका बाबतीत आपला खुलासा हवा आहे: सूचनेत 'वगळून' असे म्हटले आहे, तर गुणांच्या विभागणीत पद्धतीच्या समर्थनाला 10 गुण आहेत. त्यामुळे केवळ वगळणेच अपेक्षित आहे, की रिकाम्या जागी किंमत भरण्याची पद्धतही स्वीकारली जाईल? बुधवारपर्यंत आपला वेगळा निर्देश न आल्यास मी वगळण्याचीच पद्धत ठेवीन."

तळटीप

बाकी छान आहे, पण शेवटचे वाक्य मला खटकते. आपण मॅडमनाच मुदत घालून देत आहोत असे वाटते.

खडूची_धूळ

मला ते वाक्य आवडते, कारण मी उत्तर द्यायला विसरलो तरी विद्यार्थी अडून राहत नाही. पण वाचणाऱ्याचा स्वभाव तुम्हालाच ठाऊक. हवे तर "तूर्त मी वगळण्याची पद्धत धरून पुढे काम करीत आहे" असे लिहा; अर्थ तोच राहतो आणि वार गळून पडतो. फक्त आजच पाठवा. हाच मजकूर गुरुवारी रात्री आला, तर माझ्यासारखा माणूसही तो सबब म्हणूनच वाचेल.

रिकामा_रकाना (बुधवार)

शेवटचे वाक्य बदलून सोमवारीच पाठवले होते. आज उत्तर आले: "वगळणेच अपेक्षित आहे. सर्वांना कळवते." त्यानंतर वर्गाच्या गटावर सूचना आली, पण तीत "गहाळ नोंदी असलेल्या ओळी वगळा" असे लिहिले आहे. याचा अर्थ 171 ओळींचीच रीत घ्यायची असा होतो का? पुन्हा विचारू का?

तळटीप

विचारा. आता तर त्यांनी स्वतःच नवा शब्द वापरला आहे.

खडूची_धूळ

मी नसते विचारले. शब्दशः वाचले तर ते 171 कडे झुकते, पण गटावरच्या सूचना आम्ही घाईत लिहितो. त्यातला प्रत्येक शब्द तोलून लिहिलेला असतोच असे नाही. मुख्य तुलना 171 वर करा, शेजारी 214 चे उत्तर द्या आणि त्या 31 ओळींमुळे निष्कर्ष का पालटतो ते लिहा.

रिकामा_रकाना

तसेच करतो. दोन्ही तक्ते शेजारी बसवल्यावर अहवाल शब्दमर्यादेच्या काठावर आला आहे, आणि तक्त्यांतले शब्द त्या मर्यादेत धरतात की नाही, हे सोमवारच्या मेलमध्ये विचारायचे राहूनच गेले.