मदत हवी आहे: छत्री-रेनकोटच्या दुकानासाठी जिंगलच्या चार ओळी

पागोळी
दुकानासाठी जिंगल करायची आहे. विषय ठरलाय: अचानक आलेला पाऊस आणि विसरलेली छत्री. स्टुडिओवाल्याला परवा ओळी द्यायच्या आहेत. मी एवढं लिहिलंय:

छत्री राहिली घरी
आला पाऊस दारी

पुढे सुचत नाही. 'विसरलो'ने सुरुवात केली होती, पण गाणारी मुलगी आहे, 'विसरले' केलं की यमक तुटतं. उरलेल्या दोन ओळी कुणीतरी द्या. लवकर.

खंजिरी
वाजणार कुठे? रेडिओवर, केबलवर, रिक्षाच्या भोंग्यावर की दुकानाबाहेरच्या स्पीकरवर? किती सेकंद? दुकानाचं नाव किती अक्षरांचं? यातलं एकही सांगितलेलं नाही. त्याशिवाय ओळ देणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं.

काडीमोड
छत्री विसरू नये म्हणून सोपा उपाय: दांडीच्या दोरीत घराची किल्ली अडकवून ठेवा. किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, त्यामुळे छत्री आपोआप सोबत येते. तिघडी छत्री असेल तर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. ओली छत्री सीटखाली ठेवली की राहिलीच समजा.

पागोळी
@काडीमोड, माणसं विसरली तरच माझा धंदा आहे. मला ओळी हव्यात.
@खंजिरी, डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून दोन मिनिटं. दुकानाबाहेर स्पीकर आणि आठ दिवस रिक्षा. स्टुडिओवाला वीस सेकंद म्हणालाय. नाव इथे लिहीत नाही, पण चार अक्षरी आडनाव आहे, शेवटी 'कर'.

खंजिरी
'कर' आहे हे आधी सांगायला हवं होतं. 'सर' आणि 'कर' यांचं यमक आयतं जुळतंय.

आता तुमच्या दोन ओळी. पहिली उत्तम आहे. 'राहिली'मुळे छत्रीच कर्ता झाली, त्यामुळे विसरलो-विसरले ही अडचणच उरली नाही. गाणारा कुणीही असो. शिवाय गिऱ्हाइकाला 'तुम्ही विसरलात' असं तोंडावर म्हणावं लागत नाही. ती ओळ सोडू नका.

दुसरी मात्र चुकली आहे. पाऊस 'दारी' आला म्हणजे माणूस अजून घरीच आहे, आणि छत्रीही घरीच. मग दुकानात कोण येणार? छत्री एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, तेव्हाच पाऊस यायला हवा.

मात्रामोजणी
दोन्ही ओळी सात अक्षरी आहेत. केरवा तालाला आठ लागतात. लय चुकली आहे, आधी ती दुरुस्त करा. 'छत्री राहिली हो घरी' करा.

खंजिरी
@मात्रामोजणी, आठ मात्रा हव्यात हे बरोबर, आठही मात्रांवर अक्षर हवं हे नाही. आठवी मात्रा मोकळी सोडली की गायिकेला श्वास घेता येतो आणि 'घरी' स्वच्छ ऐकू येतं. 'हो' घातलात तर तो श्वास जातो आणि ओळ भजनासारखी वाटते.

शिवाय 'छत्री'त 'त्र' हे जोडाक्षर आहे, त्याआधीचा 'छ' जड होतो. दोन्ही अक्षरांना एकेक पूर्ण मात्रा द्या. घाईत म्हटलं की 'छत्ती' ऐकू येतं, आणि बहुतेक जिंगलांत हा शब्द तिथेच बिघडतो. रेकॉर्डिंगनंतर गाणं माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा आणि काय ऐकलं ते लिहायला सांगा.

वळीव_कोल्हापूर
आमच्याकडे वळीव दुपारी तीन-चारला येतो, अर्ध्या तासात जातो. माझं दप्तरांचं दुकान आहे. दप्तरावरच्या प्लॅस्टिकच्या टोपीसाठीही अशीच ओळ मिळेल का? 'दप्तर' आणि 'सर' जमतं का?

खंजिरी
@वळीव_कोल्हापूर, जमतं, पण वेगळा धागा काढा. हे प्रकरण आधी मार्गी लावू.

@पागोळी, हिशोब असा. वेग मिनिटाला १२० मात्रा ठेवला तर आठ मात्रांची एक ओळ ४ सेकंदांत संपते. चार ओळींचे १६ सेकंद. उरलेल्या ४ सेकंदांत कोरडं बोललेलं नाव आणि पत्ता, म्हणजे आठ-नऊ शब्द. वेग ९६ केलात तर एक ओळ ५ सेकंदांची होते, चार ओळींतच वीस सेकंद संपतात आणि पत्ता बाहेर राहतो. स्टुडिओवाले ऐनवेळी पत्ता गाण्याच्या शेपटावर चढवतात आणि दोन्ही कळेनासं होतं. म्हणून १२०च सांगा.

ओळी:

छत्री राहिली घरी
सर गाठते बाजारी
आली आली आली सर
पळा, गाठा ☐☐कर

चौकोनांच्या जागी तुमच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. शेवटी बोलून: 'पावसानं गाठलं? ☐☐कर गाठा! स्टेशनजवळ, डोंबिवली पूर्व.'

पाऊस माणसाला गाठतो आणि माणूस दुकान गाठतो. एकाच क्रियापदावर सगळं उभं आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी तेच ठेवा. कुणी 'पळा, या हो' असं सुचवलं तर ऐकू नका.

पागोळी
हे चालेल! पण रेनकोट कुठे आहे? अर्धा माल रेनकोटचा आहे.

टेपशिलाई
रेनकोटबद्दल सांगतो. शिलाईवर आतून टेप नसेल तर कितीही जाड कापड घ्या, सुईच्या भोकांतून पाणी येतंच. आधी खांद्यावर, मग दुचाकीवर बसल्यावर मांडीच्या शिवणीत. रेनकोट उलटा करून टेप कोपऱ्यापर्यंत चिकटलेली आहे का ते बघायचं. नखानं निघत असेल तर एका पावसाळ्यात सुटते. जिंगलमध्ये 'टेपवाला रेनकोट' आलंच पाहिजे, गिऱ्हाईक तेवढंच विचारतं.

खंजिरी
@टेपशिलाई, माहिती खरी आहे, पण ती दुकानातल्या पाटीवर शोभेल. भिजत उभा असलेला माणूस छत्री घेतो, कारण ती उघडली की काम झालं. रेनकोट घालून बघावा लागतो, माप लागतं, दुचाकीवाल्याला वर-खाली दोन्ही भाग लागतात. तो माणूस पावसाआधी येतो. म्हणून रेनकोटची वेगळी जोडी करा आणि ती मेअखेरपासून वाजवा:

ऊन आहे तोवर या
रेनकोट पाहून घ्या

दोन्ही ओळी आठ अक्षरी, त्याच चालीत बसतात. पहिल्या जोडीच्या जागी ही घाला, खालची जोडी तीच राहू द्या. एकाच रेकॉर्डिंगच्या दिवशी दोन आवृत्त्या होतील. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, तोपर्यंत ही चालेल.

टेपशिलाई
वर 'ऊन आहे तोवर' आणि लगेच खाली 'आली आली आली सर'? ऐकणारा आभाळाकडे बघेल.

खंजिरी
बरोबर पकडलंत. कोरड्या दिवसांच्या आवृत्तीत तिसरी ओळ बदला: 'येईल कधीही सर'. ये-ई-ल-क-धी-ही-स-र, आठच. आणि शेवटचं 'पळा' काढून 'आधी गाठा ☐☐कर'.

लोकलकर
'घरी'वर माझी हरकत आहे. डोंबिवलीत सकाळी छत्री घरी राहिलेला माणूस गाडी पकडायला धावतो, तो दुकानात थांबत नाही. तुमचं गिऱ्हाईक संध्याकाळी उतरणारं. त्याची छत्री गाडीत राहिलेली असते आणि ते त्याला जिना उतरून पाऊस दिसल्यावर कळतं. म्हणून:

छत्री राहिली गाडीत
सर गाठते वाटेत

'बाजारी'ही जातं. 'बाजारी माल' म्हणजे हलका माल, हा वास त्या शब्दाला आहे. दुकानदारानं तो स्वतःच्या जाहिरातीत वापरू नये.

खंजिरी
@लोकलकर, संध्याकाळचा मुद्दा पटला. पण गाडीत-वाटेत हे यमक सैल आहे. फक्त शेवटचा 'त' जुळतो, त्याआधीचा स्वर वेगळा. घरी-बाजारी कानात राहतं. आणि 'भर बाजारी' म्हणतो तेव्हा हलका माल कुणाच्या मनात येत नाही.

लोकलकर
'भर' नाहीये ना तुमच्या ओळीत. नुसतं 'बाजारी' आहे.

मात्रामोजणी
सोपं करा. एखाद्या गाजलेल्या गाण्याची चाल घ्या आणि शब्द बदला. दहा सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर परवानगी लागत नाही.

खंजिरी
हा समज फार पसरलाय आणि तो चुकीचा आहे. आपल्या कायद्यात सेकंदांची अशी सवलत नाही. चाल ही वेगळी कृती आहे, शब्द बदलल्यानं ती तुमची होत नाही. संगीतकार गेल्यानंतरही ६० वर्षं हक्क राहतो. नवी चाल करा. चार ओळींना चारच सुरांची पुरते.

भोंगेवाला
रिक्षाचं कुणी बोललं नाही. रिक्षा ताशी दहा किलोमीटरनं गेली तर सेकंदाला पावणेतीन मीटर. गर्दीच्या रस्त्यावर शब्द एकूण पन्नासेक मीटरच्या टप्प्यात समजतात, म्हणजे एका माणसाला साधारण अठरा सेकंद मिळतात, आणि तो मधूनच ऐकायला लागतो. नाव फक्त शेवटी ठेवलंत तर अनेकांना ते मिळतच नाही. रिक्षासाठी सुरुवातीलाही नाव बोलून घ्या आणि तिथला पत्ता कापा.

भोंग्यात खालचे सूर येत नाहीत. तबल्याचा डग्गा, बेस गिटार यांचे पैसे वाया जातात. ढोलकीची चाट आणि टाळ ऐकू येतात.

दुकानाबाहेरच्या स्पीकरचं उलटं आहे. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा त्याचा 'स्स्स' आवाज स, श, छ यांना गिळतो. लांब स्वर टिकतात. म्हणून पावसातल्या आवृत्तीची सुरुवात 'छत्री'नं नको, 'आली आली आली सर'नं करा. पहिल्या मात्रेवर 'आ' आला की माणूस मान वळवतो.

रिक्षाला लेखी परवानगी काढा. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरांत वाजवायचं नाही. स्टेशन परिसरातला रिक्षाचा मार्ग आधी नकाशावर आखून घ्या.

पागोळी
म्हणजे आता तीन आवृत्त्या झाल्या. कोरडी, पावसातली, रिक्षाची. स्टुडिओवाला जास्त पैसे मागेल.

भोंगेवाला
गाणं एकदाच गाऊन घ्या, पण प्रत्येक ओळ सुटी रेकॉर्ड करा. सगळ्या ओळी आठ मात्रांच्या आणि एकाच वेगात असल्या की पुढेमागे लावणं हे फक्त जोडकाम आहे. वेगवेगळी मिळून आठ ओळी आणि दोन बोललेली वाक्यं. सुट्या ओळींच्या फायली आजच मागून ठेवा, नंतर मिळत नाहीत.

खंजिरी
एक जास्तीची ओळ देतो, गाण्यासाठी नाही, पाटीसाठी: 'सर येवो कितीही, ☐☐करांची सर कुणालाच नाही.' भोंग्यावर दोन्ही 'सर' सारखेच ऐकू येतील आणि अर्थ निसटेल. वाचताना मात्र डोळा थांबतो.

पागोळी
पाटीची घेतली. पावसातली आवृत्ती 'आली आली'नं सुरू करतेय. 'घरी-बाजारी' की 'गाडीत-वाटेत' ते कळत नाही, दोन्ही गाऊन घेते आणि संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळेला आलटून पालटून लावते.

लोकलकर
'गाडीत'चा 'त' अर्धा गिळू नका, तेवढं गायिकेला सांगा.

वळीव_कोल्हापूर
दप्तराचा धागा काढलाय. 'दप्तर' तीन अक्षरी, 'प्त' जोडाक्षर. @खंजिरी, तिकडे या.