मदत हवी आहे: फ्रंट लोड मशीन मध्येच थांबते, पाणी आत राहते आणि स्पिन होत नाही

रोहिणी_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सात किलोचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे आणि ते साधारण सहा वर्षे वापरात आहे. गेल्या काही आठवड्यांपासून कपडे धुण्याचा टप्पा व्यवस्थित पार पडतो, पण पाणी बाहेर सोडण्याची वेळ आली की पंपाची घरघर ऐकू येते, काचेतून दिसणारी पाण्याची पातळी मात्र जेमतेम खाली जाते. काही मिनिटांनी मशीन थांबते आणि दिवे लुकलुकू लागतात. दार लॉकच राहते आणि साबणाच्या पाण्यात कपडे तसेच पडून राहतात. नुसते स्पिन लावून पाहिले तरी ड्रम फिरत नाही.

खाली उजवीकडच्या झाकणामागचा फिल्टर मी साफ केला आहे. त्यात केसांची एक पिन, एक बटण आणि बरेच लिंट निघाले, पण फरक पडला नाही. विशेष म्हणजे मशीन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबले की कधीकधी पाणी थोडे निघते आणि पुन्हा अडते. पाहायला आलेल्या मेकॅनिकने मशीन न उघडताच पीसीबी गेला आहे असे सांगितले आणि बदलण्याचा खर्च आठ हजारांच्या आसपास येईल असा अंदाज दिला. इतका खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी आणखी काय तपासता येईल, हे कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि ते बरेच जड आहे.

केदार_नगर

ताई, जड पाण्यात पंप क्षाराने जाम होतो, हा माझा अनुभव आहे. फिल्टर काढल्यावर आत पंपाचा छोटा पंखा दिसतो. प्लग काढून तो बोटाने फिरवून पाहा. सरळ न फिरता अडकत अडकत, टप्प्याटप्प्याने फिरला तर पंप गेला असे समजा. नवा पंप टाकून द्या, तो पीसीबीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

अपर्णा_द

आमच्याकडे अगदी हेच झाले होते. पाणी भरलेले आणि स्पिन नाही. आमच्या मशीनमधील ड्रेन मोटर बदलली आणि त्याच दिवशी सगळे सुरळीत झाले. तुम्हीही तीच बदलून घ्या, फिल्टरच्या मागे लागू नका.

जुना_वायरमन

अपर्णाताई, तुमचे मशीन बहुधा वरून कपडे टाकायचे असावे. त्या प्रकारात सहसा पंप नसतो. खाली एक झडप असते, ड्रेन मोटर ती ओढून उघडते आणि पाणी स्वतःच्या उताराने वाहून जाते. त्याच ओढीने स्पिनसाठी ब्रेकही सुटतो. म्हणून ती एक मोटर गेली की निचरा आणि स्पिन दोन्ही एकदम बंद पडतात. रोहिणीताईंच्या मशीनमध्ये ती मोटर नाहीच, त्यांना पाणी पंपाने वर उचलून बाहेर टाकावे लागते.

केदार, पंखा तपासण्याची सूचना योग्य आहे, निष्कर्ष मात्र बरोबर नाही. या पंपाच्या आत चुंबक असतो, त्यामुळे चांगला पंपसुद्धा हाताने फिरवला की झटके देतच फिरतो. उलट पंखा कोणताही अडथळा न जाणवता गरागरा फिरला, तर तो दांड्यावरून सुटला आहे असे समजावे. थोडीशी मोकळीक, म्हणजे पाव ते अर्धा फेरा सैल जाणवणे, अनेक पंपांमध्ये मुद्दाम ठेवलेली असते. झटके बसतात एवढ्यावरून पंप बदलला, तर पैसे खर्च होतील आणि दोष तिथेच राहील.

रोहिणीताई, आता मूळ प्रश्नाकडे येतो. मशीन स्पिन करत नाही याचा अर्थ स्पिनमध्ये बिघाड आहे असा नाही. ड्रममधील पाण्याची पातळी मोजणारा एक प्रेशर स्विच असतो आणि तो पाणी संपले असे सांगत नाही तोवर मशीन वेगाने फिरायला मुद्दाम नकार देते. भरलेल्या पाण्यासकट ड्रम हजार फेऱ्यांनी फिरला तर बेअरिंगपासून दारापर्यंत सगळ्याचीच वाट लागेल. त्यामुळे पाणी नेमके कुठे अडले आहे, एवढेच आपल्याला शोधायचे आहे. पाण्याचा मार्ग सरळ आहे: ड्रमच्या तळातून जाड रबरी नळी, तिथून फिल्टर आणि पंपाचे घर, आणि पुढे बाहेर जाणारी ड्रेनची नळी.

मशीन पुन्हा पाणी भरलेले थांबेल तेव्हा प्लग काढा आणि पाणी गरम असल्यास निवू द्या. फिल्टरपाशी एक पसरट परात ठेवून फिल्टर हळूहळू सैल करा. बादलीभर पाणी येईल, तेव्हा परात भरली की पुन्हा आवळा. पाणी जोरात आले तर ड्रमपासून फिल्टरपर्यंतचा मार्ग मोकळा आहे. झिरपत आले तर मधल्या रबरी नळीत मोजा किंवा रुमाल अडकलेला असण्याची शक्यता मोठी. मात्र सगळे पाणी काढून टाकू नका, निम्मे आत राहू द्या. त्यानंतर फिल्टर घट्ट लावून मागची ड्रेनची नळी हुकातून सोडवा आणि तिचे टोक जमिनीवर धरा. पंप बंद असला तरी त्यातून पाणी वाहते, कारण ड्रमची पातळी टोकापेक्षा उंच असते. तिथून धार कशी येते ते कळवा. ड्रेनची नळी कुठे आणि कशी सोडली आहे, तेही लिहा.

मिलिंद_ठाणे

पीसीबीची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, असे मला वाटते. पंपाला वीज बोर्डावरूनच मिळते.

जुना_वायरमन

मिळते, पण ताईंनी घरघर ऐकू येते असे लिहिले आहे. बोर्डाने वीज सोडल्याशिवाय पंप आवाज करणार नाही. निचऱ्याच्या वेळी पंप पूर्ण गप्प असता, तर प्लग काढून मल्टिमीटरने पंपाच्या दोन टोकांमधला रोध पाहिला असता. अशा 30 वॉटच्या आसपासच्या पंपात तो साधारण शे-दोनशे ओहम येतो. तो ठीक असूनही निचऱ्याच्या वेळी पंपापर्यंत 230 व्होल्ट पोहोचत नसतील, तर वायरिंग किंवा बोर्ड संशयित ठरतो. ते व्होल्टेज मोजण्याचे काम चालू मशीनवर करावे लागते, तिथे पाणीही असते, म्हणून ते जाणकारानेच करावे.

रोहिणी_सातारा

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आज सांगितल्याप्रमाणे तपासले. फिल्टर सैल करताच पाणी इतक्या जोरात आले की परात काही क्षणांत भरली. नंतर मागची नळी हुकातून सोडवून जमिनीवर धरली, तर करंगळीएवढीसुद्धा धार येत नव्हती, थेंब थेंब पाणी येत होते. पंखा हाताने फिरवला, तो झटके देत फिरतो आणि थोडा सैल आहे.

नळीबद्दल सांगायचे तर, बाथरूमची दुरुस्ती झाल्यापासून मशीन कोरड्या बाल्कनीत आहे. तिथून जाळीपर्यंत मूळ नळी पुरत नव्हती, म्हणून प्लंबरने तिला जोड देऊन सुमारे दोन मीटर नळी वाढवली आहे. हा जोड मशीनच्या मागेच, जमिनीलगत आहे.

जुना_वायरमन

मग उत्तर जवळजवळ हातात आले. फिल्टरपर्यंत पाणी जोरात येते आणि नळीतून थेंब पडतात, म्हणजे अडथळा पंपाच्या पुढे आहे. आता प्लग काढलेला ठेवून त्या जोडाचे क्लॅम्प सोडवा. मूळ नळीच्या टोकातून धार लागली तर दोष जोडात किंवा वाढवलेल्या तुकड्यात आहे. धार लागली नाही तर मूळ नळी पंपापासून सोडवून धुवावी लागेल.

अर्ध्या तासाने पाणी थोडे निघते याचाही खुलासा यातच असावा. पाणी पुढे सरकत नसले की पंप तापतो. बहुतेक पंपांत तापल्यावर वीज तोडणारे संरक्षण असते आणि निवल्यावर ते पुन्हा जोडले जाते.

रोहिणी_सातारा

जोड सोडवला आणि मूळ नळीतून भरधाव पाणी आले. जोडाची प्लास्टिकची नळकांडी आतून मूळ नळीपेक्षा बरीच अरुंद आहे. तिच्या तोंडाशी लिंट, केस आणि पांढरा क्षार यांचा दाबून बसवल्यासारखा करडा बोळा अडकला होता. लाकडी काडीने तो ढकलून काढला, तेव्हा तो अंगठ्याएवढा लांब निघाला आणि आतून इतका घट्ट होता की मोडतानाही जोर लावावा लागला. वाढवलेली नळी काढून आता एकाच मापाची अखंड लांब नळी बसवली आहे. पाणी दोन-अडीच मिनिटांत निघते आणि स्पिनही पूर्ण होते. पीसीबीला हात लावावा लागला नाही.

एक शंका मात्र उरली आहे. 60 अंशांच्या प्रोग्रॅमला पहिल्या निचऱ्यात मशीन अजूनही कधीकधी थांबते आणि काही वेळाने पुन्हा लावले की पाणी निघते. थंड पाण्याच्या प्रोग्रॅमला असे एकदाही झालेले नाही.

केदार_नगर

म्हणजे पंप कमजोर झालाच आहे. इतके दिवस अडलेल्या पाण्याशी झुंजला, आता गरम पाण्यात लवकर तापून बंद पडत असणार.

मिलिंद_ठाणे

फेसही कारण असू शकतो. गरम पाण्यात फेस जास्त होतो, आणि पंपात पाण्याऐवजी फेस शिरला की तो फिरूनही काही उचलत नाही. फेस बसला की पुन्हा काम सुरू होते. आपण पावडर किती घालता आणि ती फ्रंट लोडसाठीची आहे का?

जुना_वायरमन

दोघांचेही म्हणणे शक्य आहे आणि आवाजावरून फरक कळेल. फेस असेल तर पंप चालू असतो, फक्त आवाज पोकळ, हवा घुसळल्यासारखा येतो आणि काचेवर फेसाचा थर दिसतो. पंप तापून तुटला असेल तर आवाज मध्येच पूर्ण बंद होतो. तसे झाले तर लगेच प्लग काढून कोणाकडून तरी पंपाचा रोध मोजून घ्या आणि निवल्यावर पुन्हा मोजा. गरम असताना मीटर काहीच दाखवत नसेल आणि निवल्यावर पुन्हा शे-दोनशे ओहम येत असेल, तर केदार म्हणतो तसा पंप बदला. दोन्ही वेळा रोध ठीक आला तर पावडर निम्मी करून पाहा.

रोहिणी_सातारा

पावडर आम्ही हाताने धुण्याचीच वापरतो आणि मोजून घालत नाही. आवाजाकडे मी आजवर लक्ष दिलेले नाही. रविवारी चादरी 60 अंशांवर लावायच्या आहेत, तेव्हा मशीनजवळ थांबून ऐकते आणि इथे लिहिते. पंप मोजायचा झाल्यास मशीन मागून उघडावे लागेल की खालून, हे कोणाला माहीत असेल तर तेवढे सांगावे.