मदत हवी आहे: आईची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आणि रोजची प्रेडनिसोलोन, जादा स्टिरॉइड द्यायचे की नाही?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार. माझ्या आईचे वय ६३ आहे. तिला अनेक वर्षांपासून आमवात असून ती रोज सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅम घेते. तिला मधुमेहही आहे. पुढील महिन्यात तिचा उजवा गुडघा बदलायचा असून भूल पाठीच्या मणक्यातून दिली जाणार आहे.

अडचण अशी की तीन ठिकाणांहून तीन वेगवेगळ्या सूचना आल्या आहेत. रुग्णालयाच्या छापील कागदावर लिहिले आहे की रात्री बारानंतर तोंडाने काहीही घ्यायचे नाही आणि सकाळी फक्त रक्तदाबाची गोळी घ्यायची. फिटनेससाठी तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांनी सांगितले की शस्त्रक्रियेच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅम इंजेक्शन देऊन नंतर चोवीस तास सलाईनमधून ते चालू ठेवतील. संधिवाततज्ज्ञ मात्र म्हणतात की रोजची गोळी चुकवू नका, त्यापलीकडे काही नको, कारण जास्त स्टिरॉइडने साखर वाढेल आणि जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका राहील. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या वेळी कोणी काहीच जादा दिले नव्हते आणि काही बिघडलेही नाही. मग आताच हा प्रश्न का उभा राहतो, आणि दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

सुधाकर_काका

मृण्मयीताई, माझ्या माहितीप्रमाणे सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधीपासून गोळी हळूहळू कमी करत पूर्ण बंद करणे. स्टिरॉइडमुळे जखम उशिरा भरते आणि गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर तो पुन्हा काढावा लागतो, हे आमच्या नात्यात घडलेले आहे. गोळीच नसेल तर जादा डोसाचा प्रश्नही उरत नाही.

भूलवाला_निवृत्त

सुधाकरराव, जखमेबद्दलची आपली भीती खरी आहे आणि डोस फार मोठा असेल तर नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी संधिवाततज्ज्ञ तो शक्य तितका खाली आणतातही. परंतु महिनाभरात गोळी बंद केल्याने मूळ अडचण सुटत नाही, उलट ती अधिक धोकादायक होते. बाहेरून वर्षानुवर्षे स्टिरॉइड मिळत राहिले की मेंदूतील पीयूष ग्रंथी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना आदेश देणे थांबवते आणि त्या ग्रंथी आक्रसतात. गोळी बंद झाल्यावर त्या पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. म्हणजे आपल्या सल्ल्याप्रमाणे रुग्ण ऑपरेशन थिएटरमध्ये शिरेल तेव्हा तिच्याकडे बाहेरचेही स्टिरॉइड नसेल आणि आतलेही नसेल. १९५२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ज्या प्रकरणामुळे ही सारी काळजी सुरू झाली, त्यात नेमके हेच घडले होते. संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणाऱ्या एका तरुणाचे औषध खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेच्या तोंडावर थांबवले गेले आणि शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच तो दगावला.

आता मृण्मयीताईंच्या प्रश्नाकडे. निरोगी माणसाचे शरीर दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनइतके संप्रेरक तयार करते. छोट्या शस्त्रक्रियेत हा आकडा फारसा हलत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेत मात्र पहिल्या दिवशी तो १०० च्या आसपास, क्वचित त्याहूनही वर जातो आणि एक ते तीन दिवसांत पुन्हा खाली येतो. आईची ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ही सुमारे ३० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या बरोबरीची आहे. म्हणजे रोजच्या गरजेच्या तिप्पट तिला आधीच मिळत आहे. मोतीबिंदूत डोळ्यापुरती भूल असते, रक्तस्राव जवळपास नसतो आणि शरीराला ताण जाणवतच नाही. तिथे नेहमीची गोळी पुरून उरते. दात काढणे किंवा त्वचेवरची गाठ काढणे हेही त्याच गटात येते. दुसऱ्या टोकाला मोठे आतडे काढणे किंवा हृदयाची शस्त्रक्रिया असते. तिथे १०० मिलिग्रॅम देऊन पुढे दिवसाला २०० पर्यंत चालू ठेवण्याबद्दल फारसा वाद होत नाही, कारण रुग्ण काही दिवस तोंडाने गोळी घेऊच शकत नाही. गुडघा बदलणे या दोन टोकांच्या मध्ये बसते आणि म्हणूनच दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडले.

दोघेही स्वतःच्या मनचे सांगत नाहीत. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये असे सुचवले की चार आठवडे किंवा अधिक काळ रोज ५ मिलिग्रॅम वा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्या प्रौढाला भूल देताना १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्यावे आणि पुढच्या चोवीस तासांत २०० द्यावे. याउलट अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि खुबा-गुडघा बदलणारे शल्यविशारद यांनी २०१७ मध्ये, व पुन्हा २०२२ मध्ये, अशा रुग्णांना फक्त रोजचा डोस चालू ठेवावा असे सुचवले. पहिला गट क्वचित घडणाऱ्या पण जिवावर बेतणाऱ्या संकटाकडे पाहतो, तर दुसरा गट जंतुसंसर्गाकडे.

मी स्वतः अशा रुग्णाला चिरा देण्यापूर्वी ५० मिलिग्रॅम आणि पुढे दर आठ तासांनी २५ मिलिग्रॅम देत असे. चोवीस तास पूर्ण झाले आणि रुग्ण जेवू लागला की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेहमीची गोळी. तुमच्या भूलतज्ज्ञांचा आकडा याहून मोठा आहे, पण एका दिवसापुरता तो घातक नाही. आकड्यापेक्षा छापील कागदावरची ओळ मला अधिक खटकते. त्या दिवशी सकाळची प्रेडनिसोलोन चुकता कामा नये. भूलतज्ज्ञांना विचारून ती घोटभर पाण्याबरोबर पहाटे घ्यायला सांगा आणि त्यांच्याकडून कागदावर तसे लिहूनच घ्या. वॉर्डातील परिचारिका छापील सूचनेप्रमाणेच वागते आणि तिने तसेच वागणे योग्य आहे.

अभिजित_कराड

आमच्याकडेही असाच प्रसंग आहे, म्हणून विचारतो. पत्नीला डॉक्टरांनी सात-आठ महिने डिफ्लाझाकॉर्ट १२ मिलिग्रॅम दिले होते, ते बंद होऊन चार महिने झाले. आता दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे आहे. डिफ्लाझाकॉर्ट हे स्टिरॉइड नसल्याने आणि ते बंदही झाल्याने आम्हाला हा धागा लागू होत नाही, असे मी समजू का? की सरळ रक्तातील कॉर्टिसॉल तपासून घ्यावे?

भूलवाला_निवृत्त

अभिजितराव, डिफ्लाझाकॉर्ट हे स्टिरॉइडच आहे आणि त्याचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम. म्हणजे पत्नी रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे औषध सात-आठ महिने घेत होती. फिटनेसच्या वेळी रुग्ण "स्टिरॉइड नाही, साधी दुखण्याची गोळी होती" असे सांगतात आणि तिथेच माहिती तुटते. म्हणून जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या.

तुमच्याबाबतीत तपासणीला खरोखर अर्थ आहे. सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जाग्या झाल्या आहेत असे समजायला हरकत नाही. ५ च्या खाली असेल तर नाहीत. अधेमधे आल्यास उत्तेजन चाचणी करावी, किंवा सरळ कव्हर देऊन मोकळे व्हावे. मी दुसरे करीन. मृण्मयीताईंच्या आईला मात्र या तपासणीचा उपयोग नाही. प्रेडनिसोलोन चालू असताना ते अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजले जाते आणि आकडा फसवा येतो.

आमवात_निवासी

मी संधिवात विभागात शिकत असलेली डॉक्टर आहे. भूलवाला सरांशी बहुतांश सहमत आहे, पण एका मुद्द्यावर वेगळे मत मांडते. रोज साधारण १५ मिलिग्रॅमच्या आत प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांमध्ये गुडघा बदलताना नेहमीच्या डोसावर राहिल्याने रक्तदाब कोसळल्याचे आम्हाला सहसा दिसत नाही. आईंना मधुमेह असल्याने दिवसभर २०० मिलिग्रॅम गेल्यास साखर अडीचशे-तीनशेच्या पुढे जाऊ शकते आणि नेमक्या त्याच काळात जखम ताजी असते.

शिवाय एक गोष्ट अवश्य विचारा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत उलटी व वेदना कमी करण्यासाठी अनेक भूलतज्ज्ञ डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम देतात. तेवढे डेक्सामेथासोन म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. ते दिले असेल तर त्या चोवीस तासांसाठी वेगळे कव्हर नकोच. अनेकदा एकाच रुग्णाला दोन्ही दिले जाते, कारण एक औषध उलटीच्या रकान्यात लिहिलेले असते आणि दुसरे स्टिरॉइडच्या.

भूलवाला_निवृत्त

डेक्सामेथासोनचा मुद्दा अगदी बरोबर आणि तो मीच आधी लिहायला हवा, असा होता. ज्यांची मूत्रपिंडावरची ग्रंथी मुळातच निकामी आहे त्यांना मात्र केवळ डेक्सामेथासोन चालत नाही. आईंचा तो प्रकार नाही. साखरेबद्दल म्हणाल तर ती दर चार-सहा तासांनी मोजून इन्सुलिनने आवरता येते. रात्री वॉर्डात कोसळलेला रक्तदाब ओळखणे त्याहून अवघड असते.

मृण्मयी_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तो कोसळलेला रक्तदाब कव्हर न मिळाल्यामुळे आहे की दुसऱ्या कशामुळे, हे कसे कळते? रात्री तिच्याजवळ मीच असणार आहे.

भूलवाला_निवृत्त

मणक्यातील भुलेने पहिले काही तास रक्तदाब तसाही उतरतो, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. सलाईन देऊनही, आणि रक्तदाब वाढवण्याचे औषध देऊनही, तो जागचा हलत नसेल तर संशय घ्यावा. सोबत मळमळ, पोटदुखी, विचित्र ग्लानी, रक्तातील सोडियम कमी आणि कधी साखरही कमी दिसते. पोटॅशियम मात्र अशा रुग्णांत बहुधा नेहमीसारखेच असते, त्यामुळे ते ठीक आहे म्हणून शंका दूर करू नये. डॉक्टर आधी रक्तस्राव, हृदय आणि जंतुसंसर्ग पाहतील, आणि पाहायलाच हवे. पण त्याच वेळी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यावे, रक्ताच्या अहवालाची वाट पाहू नये. तुमचे काम एवढेच की ड्युटीवरच्या डॉक्टरांना "आई अनेक वर्षे रोज स्टिरॉइड घेते" हे पहिल्याच वाक्यात सांगणे.

सुधाकर_काका

गोळी बंद करण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो. पण इतक्या मोठ्या डोसाने कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग होणार नाही, याची खात्री मला अजून कोणी दिलेली नाही.

आमवात_निवासी

काका, ती खात्री कोणीच देणार नाही. एका दिवसाच्या कव्हरमुळे संसर्ग वाढतो असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि वाढत नाही असेही नाही. म्हणूनच मी लहान डोसाच्या बाजूने आहे.

मृण्मयी_नाशिक

आज भूलतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ फोनवर बोलले. सकाळची ७.५ ची गोळी पहाटे द्यायची, हे केसपेपरवर सहीसह लिहिले गेले आहे. डेक्सामेथासोन देणार असल्यास हायड्रोकॉर्टिसोन नाही, आणि न दिल्यास ५० की १०० हे भूलतज्ज्ञ त्या दिवशीची साखर पाहून ठरवणार आहेत. संधिवाततज्ज्ञांचे मत अजूनही बदललेले नाही. वॉर्डात ग्लुकोमीटर दर चार तासांनी लावण्याची विनंती मी आजच लिहून दिली आहे.