मदत हवी आहे: रडार चार्टमध्ये अक्षांचा क्रम बदलला की प्लेअर 'मोठा' दिसतो

दोन मिडफिल्डर्सची तुलना करतोय, पायथनमध्ये mplsoccer वापरून. सहा अक्ष, प्रत्येकावर पर्सेंटाइल, म्हणजे त्याच पोझिशनचे आणि किमान ९०० मिनिटं खेळलेले बाकीचे प्लेअर्स घेऊन त्यांच्यात हा कितवा ते. इथवर ठीक.

पण गंमत बघा, समजा एकाचे आकडे ९०, ९०, ९०, ३०, ३०, ३० असे ओळीने आलेत आणि मी फक्त अक्ष हलवून ९०, ३०, ९०, ३०, ९०, ३० केले, तर आतल्या आकाराचं क्षेत्रफळ पहिल्यात ४४ टक्के जास्त भरतं (शेजारच्या दोन आकड्यांचा गुणाकार घेऊन बेरीज करा, २३४०० आणि १६२००). प्लेअर तोच, आकडे तेच, आणि बघणारा मात्र रंगवलेला भागच बघतो ना राव!

दुसरं म्हणजे टॅकल्स. मधल्या गर्दीत ९० मिनिटांमागे १.८ आणि २.० एवढ्याच फरकाला पर्सेंटाइल १५-२० ने उडी मारू शकतं, आणि टोकाला पहिला दुसऱ्याच्या कितीही पुढे असला तरी दोघं ९८-९९ वर चिकटलेले. शिवाय ज्याच्या टीमकडे बॉल जास्त असतो त्याला टॅकलचे चान्सच कमी.

तर विचारायचं असं की अक्षांचा क्रम तुम्ही कसा ठरवता, पासिंग-डिफेन्स असे गट करून की दुसरं काही? आणि मूळ आकडा पर्सेंटाइलच्या बाजूला छापता का, की रडार सोडून सरळ आडवे बार काढू?