मायट्रल झडप मेकॅनिकल बसवावी की टिश्यू? बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मदत हवी आहे

खाडीपल्याड :
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण ३६ वर्षांची असून तिचे सासर दापोली तालुक्यातील एका गावात आहे. लहानपणीच्या सांधेतापामुळे तिच्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली आणि आता ती अरुंदही आहे व गळतेही आहे. झडपेवर कॅल्शियम साचल्यामुळे फुग्याने ती उघडण्याचा मार्ग डॉक्टरांनी नाकारला असून झडप बदलणे ठरले आहे. इकोच्या अहवालात डावा वरचा कप्पा बराच मोठा झाल्याचे लिहिले आहे, आणि ठोक्यांची लय बिघडल्यामुळे (एट्रियल फिब्रिलेशन) तिला गेल्या वर्षापासून रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. तिला दोन मुले आहेत व कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे पुढील गरोदरपणाचा प्रश्न नाही.

सर्जननी कृत्रिम साहित्याची मेकॅनिकल आणि प्राण्यांच्या ऊतींची टिश्यू असे दोन्ही पर्याय सांगून निर्णय आमच्यावर सोपवला आहे. सासरच्यांचा कल टिश्यू झडपेकडे आहे, कारण मेकॅनिकल घेतली तर जन्मभर वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी, दर महिन्याला रक्त किती पातळ झाले ते दाखवणारी आयएनआर तपासणी आणि पालेभाज्या बंद, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. गावाजवळ तपासणीची सोय दापोलीतच आहे, तिथूनही नमुना बाहेर पाठवतात आणि अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो. अशा परिस्थितीत काय करावे?

सडेतोड :
टिश्यूच घ्या. तीन महिन्यांनी गोळी बंद होते आणि माणूस मोकळा होतो. मेकॅनिकल घेतलीच, तर हल्ली नव्या गोळ्या आहेत, त्यांना आयएनआर लागत नाही. वॉरफरिन आता जुने झाले.

सुमन_इ :
माझ्या वडिलांची झडप छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून बदलली आणि तिसऱ्या दिवशी ते घरी चालत आले. तुम्ही त्याचा विचार का करत नाही? आमचा खर्च मात्र बराच झाला.

वॉर्ड नंबर पाच :
सुमनताई, आपल्या वडिलांची बहुधा महाधमनीची झडप असावी आणि ती वयोमानाने कडक झालेली असावी. सांधेतापाने बिघडलेल्या मायट्रल झडपेला ती पद्धत सहसा लागू पडत नाही.

खाडीपल्याड, मी हृदयशस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची ओपीडी बरीच वर्षे सांभाळली आहे. आपल्या प्रश्नात एक गोष्ट निसटते आहे. बहीण सध्या जी गोळी घेते, ती वॉरफरिन किंवा त्याच घराण्यातली असिनोकुमारोल असणार, आणि ती लयीच्या बिघाडासाठी आहे. झडप बदलली तरी लय तशीच राहिली, तर वरच्या कप्प्यात गुठळी होण्याची भीती कायम असते. म्हणून टिश्यू झडप बसवूनही तिची गोळी सुटेलच असे नाही. गोळी सुटावी म्हणून टिश्यू घ्यायची आणि गोळी मात्र चालूच राहायची, असे झाले तर दुसरी शस्त्रक्रिया तेवढी पदरात पडते, कारण या वयात मायट्रल जागेवरची टिश्यू झडप अनेकदा १०-१५ वर्षांतच निकामी होऊ लागते. तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि महाधमनीच्या जागेपेक्षा मायट्रल जागेवर आणखी लवकर.

सडेतोड, आपले अर्धे म्हणणे बरोबर आहे. टिश्यू झडप आणि बिघडलेली लय अशा रुग्णांना काही डॉक्टर सुरुवातीचे महिने उलटल्यावर नव्या गोळ्या देतात. मात्र मेकॅनिकल झडपेला त्या चालत नाहीत. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या गोळीची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. मेकॅनिकल म्हणजे वॉरफरिनच्या घराण्यातलीच गोळी, इथे पळवाट नाही.

टकटक :
मला मायट्रल जागेवर मेकॅनिकल झडप आहे, म्हणून हे नाव. रात्री शांततेत तिचा आवाज मला स्वतःला ऐकू येतो. तो आवाज एकाएकी दबला आणि सोबत दम लागू लागला, तर झडपेवर गुठळी बसत असू शकते, तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे मला घरी सोडतानाच बजावले होते.

पालेभाज्या बंद करण्याची गरज नाही, तसे करणे उलट घातक आहे. माझे आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवे. आमच्याकडे मेथी, शेपू, माठ यांपैकी एक भाजी रोज एक वाटी असतेच आणि माझी मात्रा त्यावरच बसवलेली आहे. एका श्रावणात मी उपवास सुरू करून पालेभाजी सोडली, वर पोट बिघडले म्हणून गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल दिले. गोळी रोजचीच होती, तरी आठवड्याभरात दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि आयएनआर ६.१ निघाले. माझ्या डॉक्टरांनी दोन रात्री गोळी थांबवून तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासले, तेव्हा ते ३.४ वर आले. मात्रा त्यांनी बदलली नाही. कारण औषध होते, ते संपले, आणि भाजी पुन्हा सुरू झाली. कोणी त्याच वेळी मात्रा कायमची कमी केली असती, तर पुढच्या महिन्यात आयएनआर दीडवर येऊन उलटाच, गुठळीचा धोका झाला असता.

वॉर्ड नंबर पाच :
अगदी असेच असते. भाजीपेक्षा सोबत घेतलेली दुसरी औषधे जास्त घोळ करतात, विशेषतः अँटिबायोटिक, बुरशीवरची औषधे आणि दुखण्यावरच्या गोळ्या. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन सुरू झाले तर आयएनआर इतके खाली जाते की मात्रा खूप वाढवावी लागते. काढे आणि चूर्णेही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. आणखी एक म्हणजे वॉरफरिन आणि असिनोकुमारोल यांचे मिलिग्रॅम सारखे नसतात. औषध दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून एकाऐवजी दुसरे दिले, तर घेऊ नये.

अहवाल दुसऱ्या दिवशी मिळतो यावर इतका तोडगा आहे की गोळी रोज ठरावीक वेळी रात्री घ्यावी. अहवाल संध्याकाळी आला की डॉक्टरांना फोन करून त्या रात्रीची मात्रा बदलता येते. मात्रा स्थिर झाल्यावर दर चार आठवड्यांची तपासणी बहुधा पुरते, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत फेऱ्या वारंवार होतात. बोटातील थेंबावर आकडा दाखवणारे यंत्र मिळते, मात्र त्याच्या पट्ट्यांचा खर्च सतत होत राहतो.

बहिणीचे वर्षभराचे आयएनआर काय आहेत?

खाडीपल्याड :
वहीत बघितले. १.४, २.२, ३.९, १.६ असे आहेत. मधल्या काळात तिने भात लावणीच्या दिवसांत काही वेळा गोळी चुकवल्याचे आज कबूल केले. पाळीत फार अंगावर जाते म्हणून ती गोळीला घाबरते, हेही मला आजच कळले.

वॉर्ड नंबर पाच :
मग सर्जनकडे जाण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण अतिस्राव कोणत्याही झडपेबरोबर आवरावा लागेल आणि त्याला उपाय आहेत. गोळी नियमित घेणे तिला जमणार नाही असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर मेकॅनिकल झडप तिच्यासाठी धोक्याची आहे, मग वय काहीही असो. सर्जनना विचारा की शस्त्रक्रियेतच लय सुधारण्याची मेझ प्रक्रिया करणार का, आणि इतक्या मोठ्या कप्प्यात ती टिकण्याची शक्यता ते किती धरतात.

सडेतोड :
मेझ होणार असेल तर माझे मत टिश्यूचेच.

टकटक :
मोठ्या कप्प्यात लय परत बिघडते, असे मला सांगितले होते. मी असतो तर त्यावर विसंबलो नसतो.

खाडीपल्याड :
मेझबद्दल सर्जननी काहीच सांगितले नव्हते. पुढच्या भेटीला बहिणीला आणि मेव्हण्यांना घेऊन जातो आणि हेच विचारतो. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ त्याआधीची घेतली आहे. टकटक, उपवासाच्या दिवसांत आपण आता काय खाता, ते सवडीने सांगाल का? आमच्याकडे नवरात्र कडक पाळतात.