मदत हवी आहे: फेरफारावरचं अपील, प्रांत ऑफिस म्हणतं मुदत गेली

बांधावरचा (१७ एप्रिल २०२४)
काल अपील घेऊन गेलो तर टेबलावरच परत दिलं, ऑर्डर १२ जानेवारीची आहे, मुदत कधीच संपली म्हणे. माझ्या हिशोबाने कालचा, म्हणजे १६ एप्रिलचा दिवस शेवटचा होता. नकलेचे दिवस वजा होतात ना? कोण बरोबर आहे? लवकर सांगा.

तलाठी_सज्जा
ऑर्डर कोणाची? हातात कधी पडली? नकलेचा अर्ज कधी केला? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग काय सांगणार?

माहितीवीर
अपिलाची मुदत ३० दिवस असते. माझ्या अर्जाला उत्तर आलं नाही तेव्हा मी २८व्या दिवशी पहिलं अपील टाकलं. तुमचं तर केव्हाच गेलं.

तलाठी_सज्जा
अहो, ते माहिती अधिकाराचं. इथे फेरफार चालू आहे.

बांधावरचा
तक्रारी फेरफार, मंडळ अधिकाऱ्यांचा निर्णय. पोस्टाने २९ जानेवारीला मिळाला, पाकीट आहे. नकलेचा अर्ज २६ फेब्रुवारीला, नक्कल घेतली २० मार्चला. ६० दिवस २९ मार्चला संपतात, त्या दिवशी गुड फ्रायडे, पुढे शनिवार-रविवार, म्हणून १ एप्रिल. त्यात नकलेचे १५ दिवस मिळवले की १६ एप्रिल.

कोर्टकचेरी
महसुली अपिलाला ९० दिवस असतात. निवांत राहा.

नकलनवीस
९० दिवस जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशाला. खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६०. महसूल संहितेचं कलम २५० वाचा. त्यातच लिहिलंय की मुदत आदेश *मिळाल्यापासून* मोजायची आणि नक्कल मिळवायला लागलेला काळ वगळायचा. म्हणजे १२ जानेवारीपासून मोजणारं ऑफिस चुकलं.

पण बांधावरचे, तुम्हीही चुकलात. सुट्टीची सवलत अगदी शेवटी, एकदाच मिळते. मिळाल्याचा दिवस सोडा, ३० जानेवारी हा पहिला दिवस. साठावा २९ मार्च. नकलेचे दिवस त्याच तारखेला जोडायचे, १ एप्रिलला नाही. आणि १५ दिवस कुठून आले? अर्ज ते नक्कल घेणं हे दोन्ही दिवस धरून २४ होतात.

बांधावरचा
नकलेमागे शिक्का आहे, "तयार ११ मार्च". २६ फेब्रुवारी ते ११ मार्च म्हणजे १५.

नकलनवीस
हे आधी सांगायचं! मग २९ मार्च अधिक १५ म्हणजे १३ एप्रिल. तो शनिवार, १४ ला रविवार, म्हणून सोमवार १५ एप्रिल. काल तुम्ही एक दिवस उशिरा होतात.

तलाठी_सज्जा
शनिवारी ऑफिस बंद असतं, पण कलम २५३ "शासनाने मान्य केलेली सुट्टी" म्हणतं. कोणी हरकत घेतली तर?

नकलनवीस
२०२० पासून पाच दिवसांचा आठवडा शासनानेच लागू केलाय, मी तो शनिवार धरतो. तरी वाद होऊ शकतो, नाही म्हणत नाही. मोठा प्रश्न वेगळा आहे: नक्कल तयार झाल्याचं तुम्हाला कळवलं होतं का? कळवूनही तुम्ही गेला नसाल तर १२ ते २० मार्च तुमच्या खात्यात. कळवलंच नसेल तर २४ दिवस मागता येतात, आणि मुदत २२ एप्रिलपर्यंत जाते.

बांधावरचा
कोणी कळवलं नाही. फेऱ्या मारत होतो.

कोर्टकचेरी
कशाला एवढं? कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागा, मुदतीची भानगडच नाही.

नकलनवीस
१५५ लेखनाच्या चुकांसाठी आहे. इथे हरकत ऐकून निर्णय झालाय, तो तिथे फिरत नाही. उगाच दोन महिने जातील आणि मग तेवढाही विलंब समजावून सांगावा लागेल.

बांधावरचे, काल पोच मिळाली का?

बांधावरचा
नाही, सगळं परत दिलं.

नकलनवीस
मग काल दाखल झालंच नाही. आज रामनवमीची सुट्टी. उद्या १८ ला द्या आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. मुदत गेली की नाही हे प्रांतांनी ठरवायचं, टेबलावर नाही.

सोबत कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडा. अर्जात आधी लिहा की नक्कल तयार झाल्याचं कळवलं नसल्याने अपील मुदतीतच आहे. तसं न मानल्यास १५ ते १८ एप्रिल हा तीन दिवसांचा विलंब माफ व्हावा. मग कारण दिवसागणिक: १६ ला सुट्टीचा हिशोब चुकला, त्याच दिवशी कागद परत दिले, १७ ला सुट्टी. "आजारी होतो" वगैरे ठोकळेबाज काही नको, पुरावा मागतील. पाकीट आणि नकलेची मागची बाजू जोडा.

तलाठी_सज्जा
आणि विलंबावर आधी वेगळा आदेश मागा. तो न करता थेट गुणदोषांवर निकाल दिला तर समोरचा वर जाऊन त्याच मुद्द्यावर प्रकरण परत पाठवायला लावतो.

माहितीवीर
पण तीन दिवसांसाठी कोण अडवतं?

नकलनवीस
अर्जच नसेल तर कोणीही.

बांधावरचा
उद्या जातो. शपथपत्र तहसीलमध्ये करून मिळेल की नोटरी लागेल?